डीएस-१६० मधला सोशल मीडियाचा प्रश्न: काय लिहायचं, काय दुरुस्त करायचं

२०२५च्या जुलैत माझी भाची सांगलीहून पुण्याला माझ्याकडे आली. एमएसला प्रवेश मिळालेला, कॉलेजकडून आय-२० हे व्हिसासाठीचं प्रवेशाचं प्रमाणपत्र आलेलं, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीची, म्हणजे सेव्हिसची, ३५० डॉलर फी भरून झालेली. अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, म्हणजे डीएस-१६०, तेवढा बाकी होता. "मावशी, जवळजवळ भरून झालाय, तू फक्त एकदा नजर टाक," म्हणाली. मी एकेक पान बघत सोशल मीडियाच्या प्रश्नाशी आले, तर तिथे फेसबुकचं एकच खातं लिहिलेलं.

"इन्स्टाग्राम?"

"ते प्रायव्हेट आहे ना. बाहेरच्यांना दिसतच नाही."

हाच गैरसमज मी आतापर्यंत ओळखीच्या चार-पाच मुलांकडून ऐकला आहे. सगळी हुशार मुलं. फॉर्ममधला प्रश्न त्यांनी नीट वाचलेला नसतो एवढंच. म्हणून आधी प्रश्न काय आहे ते बघू.

२०१९च्या मे महिन्याच्या अखेरीपासून डीएस-१६० मध्ये हा प्रश्न आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही जे जे प्लॅटफॉर्म वापरलेत ते यादीतून निवडा आणि प्रत्येकासमोर तुमचं तिथलं युजरनेम लिहा, असं तो विचारतो. यादीत वीसेक नावं आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, यूट्यूब, रेडिट, ट्विटर, पिंटरेस्ट ही आपल्या ओळखीची. काही चिनी आणि रशियन प्लॅटफॉर्म आहेत, आणि केव्हाच बंद पडलेलं वाइन हे छोट्या व्हिडिओंचं अॅपसुद्धा आहे. एकाच ठिकाणी दोन खाती असतील तर "Add Another" दाबून दुसरंही द्यायचं. पासवर्ड देऊ नका, असं तिथेच लिहिलेलं आहे. त्यामुळे कुणी एजंट 'व्हिसासाठी लागतो' म्हणून पासवर्ड मागत असेल तर तो खोटं बोलतो आहे.

खातं प्रायव्हेट आहे की सार्वजनिक, चालू आहे की बंद, त्यावर काही टाकता की नुसतं बघता, याची चौकशीच त्या प्रश्नात नाही. विचारलंय ते 'वापरलं का', आणि तेही पाच वर्षांत. म्हणजे गेल्या दिवाळीत बंद केलेलं खातंही सांगायचं. व्हॉट्सअॅप त्या यादीत नाही, म्हणून त्याची काळजी करू नका. पण याच फॉर्ममध्ये पाच वर्षांत वापरलेले इतर फोन नंबर आणि इतर ईमेल पत्तेही विचारलेले असतात, आणि ते पुष्कळ जण विसरतात. त्यानंतर आणखी एक प्रश्न येतो, की यादीबाहेरच्या एखाद्या साइटवर किंवा अॅपवर फोटो, व्हिडिओ वगैरे टाकत असाल तर त्याची माहिती द्यायची इच्छा आहे का. तो ऐच्छिक आहे. पहिला ऐच्छिक नाही.

मग आम्ही भाचीच्या खात्यांची यादी करायला बसलो. आठवणीवर विसंबायचं नाही, असं मी आधीच सांगितलं. तिच्या ईमेलच्या शोधपट्टीत प्रत्येक प्लॅटफॉर्मचं नाव टाकून पाहिलं, कारण खातं उघडलं की 'स्वागत आहे' नाहीतर 'ईमेलची खात्री करा' असं पत्र येतंच. तिचा कॉलेजचा एक जुना ईमेल होता, त्यातही शोधलं. तासाभरात सात खाती निघाली! फेसबुक. इन्स्टाग्रामचं मुख्य खातं. फक्त जवळच्या मैत्रिणींसाठी काढलेलं दुसरं इन्स्टाग्राम. घरी केक करून विकायची त्या पानाचं तिसरं इन्स्टाग्राम. लिंक्डइन. रेडिटवरचं टोपणनावाचं खातं, ज्यावर ती प्रवेशाबद्दल प्रश्न विचारायची. आणि लॉकडाऊनमध्ये सुरू करून चार व्हिडिओंनंतर सोडून दिलेला यूट्यूब चॅनल. तो चॅनल २०२० सालचा असला तरी तिने २०२१ मध्ये त्यावरून प्रतिक्रिया लिहिल्या होत्या, म्हणून तोही पाच वर्षांच्या आत आला.

केकच्या पानाबद्दल तिला शंका होती. नियम असा आहे, की एखाद्या कंपनीचं किंवा संस्थेचं, अनेक जणांनी मिळून चालवायचं खातं असेल तर ते द्यावं लागत नाही. कॉलेजच्या गणेशोत्सव मंडळाचं पान पाच जण सांभाळत असतील तर ते या सवलतीत बसतं. केकचं पान मात्र ती एकटी चालवत होती, मग ते तिचंच झालं.

युजरनेम म्हणजे नेमकं काय लिहायचं, इथेही गोंधळ होतो. लिंक्डइनवर linkedin.com/in/ च्या पुढे जे येतं ते. इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर @ च्या पुढचं नाव. फेसबुकवर पुष्कळांनी युजरनेम घेतलेलंच नसतं. अशा वेळी प्रोफाइलच्या पत्त्यात profile.php?id= नंतर जो लांबलचक आकडा दिसतो तो लिहावा. भाचीने इन्स्टाग्रामचं नाव मधे एकदा बदललं होतं. जुनं नावही आम्ही वेगळ्या ओळीत दिलं.

आता प्रायव्हेट खात्यांविषयी. १८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं, की एफ, एम आणि जे या विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसांच्या अर्जदारांनी आपली सगळी खाती सार्वजनिक करून ठेवावीत. भारतातल्या त्यांच्या दूतावासानेही त्याच महिन्यात स्पष्ट केलं, की सोशल मीडियाची माहिती वगळली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसांसाठीही अपात्र ठरवलं जाऊ शकतं. १५ डिसेंबर २०२५ पासून हाच नियम एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला आणि तो असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाला लागू झाला. तपासणीला वेळ लागणार म्हणून भारतातल्या डिसेंबरच्या अनेक मुलाखती एकदम मार्च २०२६ किंवा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. पासपोर्टवर नव्या व्हिसाचं स्टँपिंग करून परत जाऊ या हिशेबाने रजा काढून आलेली मराठी कुटुंबं इथेच अडकली आणि नोकरी, घराचा हप्ता, मुलांची तिकडची शाळा सगळं टांगणीला लागलं. त्यांची यात काहीच चूक नव्हती, हे मनाला लागतं.

तपासणारा माणूस बघतो काय? या तपासणीबद्दल अधिकाऱ्यांना दिलेल्या अंतर्गत सूचना वर्तमानपत्रांत छापून आल्या आहेत. अमेरिकेचे नागरिक, संस्कृती, सरकार किंवा संस्था यांच्याविषयी वैरभाव दिसतो का, दहशतवादी संघटनांचं समर्थन आहे का, ज्यूद्वेष आहे का, हे शोधायला त्यांत सांगितलं आहे. खाती झाकलेली असतील तर काही लपवायचा प्रयत्न आहे असाही अर्थ काढता येतो, असं त्यांत आहे. हे निकष ढोबळ आहेत आणि अधिकाऱ्याच्या मतावर पुष्कळ सोडतात, त्यामुळे राजकीय मतं मोकळेपणाने मांडणाऱ्यांना धास्ती वाटणं मी समजू शकते. पण आपल्याकडच्या सर्वसाधारण अर्जदाराच्या प्रोफाइलमध्ये असलं काही नसतं. त्याच्याकडे असते ती विसंगती, म्हणजे फॉर्म एक सांगतो आणि प्रोफाइल दुसरंच. ही विसंगती शोधायला फार वेळ लागत नाही, कारण दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली की झालं.

भाचीचं लिंक्डइन आम्ही असंच शेजारी उघडलं. तिथे पुण्यातल्या एका कंपनीत 'डेटा अॅनालिस्ट, जून २०२३ ते Present' असं होतं. फॉर्ममध्ये तिने लिहिलं होतं, ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२५, पद ट्रेनी. खरं काय होतं? कॅम्पसमध्ये निवड झाली जूनमध्ये आणि आनंदाच्या भरात तिने तेव्हाच लिंक्डइनवर नोकरी टाकून दिली. रुजू झाली २१ ऑगस्टला. नियुक्तिपत्रात पद 'ग्रॅज्युएट ट्रेनी' होतं, काम मात्र डेटाचंच. ३० एप्रिल २०२५ला नोकरी सोडली, पण प्रोफाइलमधलं Present काढायचं राहून गेलं.

तिच्या दृष्टीने यात लबाडी काहीच नव्हती. आता हेच काउंटरच्या पलीकडून बघा. अर्ज म्हणतो, बाई सध्या नोकरीत नाहीत आणि ट्रेनी होत्या. प्रोफाइल म्हणतं, त्या आजही नोकरीत आहेत, पद वरचं आहे आणि अनुभव दोन महिने जास्त आहे. मग प्रश्न उभा राहतो, की विद्यापीठाला यातलं कोणतं सांगितलं? म्हणून आम्ही तिने विद्यापीठाला पाठवलेला बायोडेटाही काढला. सुदैवाने त्यात ऑगस्टच होता.

दुरुस्ती करताना दिशा चुकू द्यायची नाही. आधी कागद: नियुक्तिपत्र, अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. कागदावरून फॉर्म भरायचा, आणि फॉर्मप्रमाणे प्रोफाइल दुरुस्त करायचं. प्रोफाइलला शोभावं म्हणून फॉर्म बदलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण प्रोफाइल ही आपण घरबसल्या केलेली नोंद असते आणि डीएस-१६० वर आपण सगळं खरं असल्याचं प्रमाणित करून सही करतो. जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं ठरलं, तर त्यांच्या कायद्यात त्याची शिक्षा कायमच्या अपात्रतेपर्यंत जाते. पुढे सवलतीचा अर्ज करता येतो, पण तो रस्ता लांबचा आणि बेभरवशाचा आहे.

तिच्या लिंक्डइनच्या मथळ्यात आणखी एक वाक्य होतं: अमेरिकेत पूर्णवेळ नोकरीच्या शोधात. सीनियर मुलांनी सांगितलं म्हणून टाकलेलं. विद्यार्थी व्हिसासाठी अधिकाऱ्याला पटावं लागतं, की ही मुलगी शिकायला जाते आहे आणि तिकडेच कायमचं राहायचा तिचा इरादा नाही. ते पटलं नाही तर २१४(बी) या कलमाखाली नकार येतो, आणि त्यावर अपील नसतं. शिक्षणानंतर नियमाप्रमाणे काही काळ कामाचा अनुभव घेईन, असं म्हणण्यात गैर काही नाही. पण वर्ग सुरू व्हायच्या आधीच नोकरी शोधते आहे असं जाहीर करणं हे तिच्याच अर्जाच्या विरुद्ध जात होतं, आणि खरंही नव्हतं. ते वाक्य काढलं.

केकच्या पानाने वेगळाच पेच टाकला. तिथे 'ऑर्डरसाठी मेसेज करा' असं होतं आणि शेवटची ऑर्डर एप्रिलमधली. लपवण्यासारखं त्यात काय आहे? विचारलंच तर सांगायचं, की सुट्टीच्या दिवशी केक करायचे, महिन्याला पाच-सहा ऑर्डरी असायच्या आणि आता बंद केलं आहे. पानावरही तेवढी एक ओळ टाकली, की ऑर्डर घेणं थांबवलं आहे. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असला व्यवसाय परवानगीशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे ती ओळ तशीही हवीच होती.

तिने मधेच विचारलं, "मग दोन खाती उडवूनच टाकू का?" मी स्पष्ट नाही म्हणाले. खातं उडवलं तरी 'पाच वर्षांत वापरलं का' याचं उत्तर 'हो' असंच राहतं. वर मैत्रिणींच्या फोटोंवर तिचे टॅग, तिने लिहिलेल्या प्रतिक्रिया, तिला दिलेली उत्तरं इकडेतिकडे उरतातच. खाती पुसून यादीतून "NONE" निवडणाऱ्यांबद्दल ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण जे खातं दाखवून काहीच बिघडलं नसतं त्याच्यामुळे ते स्वतःवर खोटेपणाचा ठपका ओढवून घेतात. चुकीची तारीख सुधारणं, संपलेली नोकरी संपली असं लिहिणं, फोन नंबर आणि घरचा पत्ता काढणं, हे सगळं करावं. पुरावा पुसल्यासारखी साफसफाई करू नये.

नावाचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्त येतो. लग्नात सुनेचं आडनाव बहुतेकदा बदलतं, आणि पुष्कळ घरांत अजूनही तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. मग पासपोर्टवर माहेरचं नाव, इन्स्टाग्रामवर सासरचं आणि फेसबुकवर देवनागरीत तिसरंच काहीतरी. डीएस-१६० मध्ये प्रश्न आहे, की तुम्ही कधी दुसरी नावं वापरली आहेत का, माहेरचं नाव धरून. त्याला 'हो' म्हणून सगळी नावं द्यावीत. एवढं केलं की खातं आणि अर्ज एकाच व्यक्तीचे आहेत हे जुळतं. वैवाहिक स्थितीचंही तसंच आहे. साखरपुड्याचे फोटो सार्वजनिक आहेत आणि होणारा नवरा न्यू जर्सीत आहे, तर फॉर्ममध्ये अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकांचा जो प्रश्न येतो त्यात वाग्दत्त वर किंवा वधूही मोजतात. तिथे 'नाही' लिहिलेलं मी पाहिलं आहे. ती मुलगी खोटारडी नव्हती, लग्न झालं नाही म्हणजे नातेवाईक नाही असं तिला वाटलं होतं.

खाती सार्वजनिक करणं ऐकायला एका बटणाचं काम वाटतं. इन्स्टाग्रामवर ते तसं आहे. फेसबुकवर नाही. तिथे प्रत्येक पोस्टची दृश्यता वेगळी असते, आणि आपल्याकडच्या बायकांनी मोठ्या संख्येने प्रोफाइलला कुलूप लावलेलं असतं. फेसबुकने ही सोय २०२० मध्ये भारतात आणली आणि ती खरोखर उपयोगी आहे. व्हिसासाठी ते कुलूप काढावं लागतं, आणि काढल्यावर मैत्रिणीच्या फोनवरून, तिच्या खात्यातून नव्हे तर लॉगिन न करता, आपलं प्रोफाइल उघडून काय दिसतं ते बघावं लागतं. एक्सवर पोस्ट संरक्षित असतील तर तेही काढायचं.

मुलीचं खातं एका दिवसात जगाला खुलं होणं ही साधी गोष्ट नाही. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्या रात्री झोप लागली नव्हती. आम्ही एवढं केलं: अनोळखी लोकांचे मेसेज येऊ नयेत अशी सेटिंग लावली, प्रतिक्रिया फक्त ओळखीच्यांपुरत्या ठेवल्या, घराच्या दाराचा नंबर दिसणारा एक फोटो आणि भाच्यांच्या शाळेच्या गणवेशातले दोन फोटो काढून टाकले. मेसेज कोण पाठवू शकतो आणि पोस्ट कोणाला दिसतात या वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

फॉर्म पाठवल्यानंतर चूक लक्षात आली तर काय? पाठवलेला डीएस-१६० दुरुस्त करता येत नाही. नवा भरायचा आणि त्याचा AA ने सुरू होणारा नवा क्रमांक अपॉइंटमेंटच्या खात्यात मुलाखतीआधी बदलून घ्यायचा. तो जुळला नाही तर गेटवरून परत पाठवतात. चूक मुलाखतीच्या दिवशीच आठवली तर अधिकाऱ्याने विचारायच्या आधी स्वतःहून सांगावी. वेळेत, आपणहून केलेली दुरुस्ती त्यांच्या नियमांत वेगळी धरली जाते. पकडल्यावर दिलेली कबुली तशी धरत नाहीत.

भाचीची मुलाखत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. तीन मिनिटांत आटोपली. पासपोर्ट ठेवून घेतला आणि २२१(जी) ची चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं की तपासणी बाकी आहे, खाती सार्वजनिक ठेवा. घरी येऊन तिने संकेतस्थळावर स्थिती पाहिली तर मोठ्या अक्षरांत Refused. रडूच फुटलं तिला. २२१(जी) मध्ये काम चालू असतानाही तिथे हाच शब्द दिसतो, हे मी आधी सांगायला विसरले होते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या काळात एकच करायचं असतं: खाती आहेत तशी उघडी ठेवायची, त्यांत फेरफार करायचा नाही आणि मागितलेला कागद वेळेत द्यायचा. काही जण चार दिवस वाट बघून खातं पुन्हा प्रायव्हेट करतात आणि मग पुन्हा तीच चिठ्ठी येते.

एकोणिसाव्या दिवशी स्थिती Issued झाली. पासपोर्ट हातात आल्यावर तिने इन्स्टाग्राम बंद दाराआड नेलं. मी तिला पाठवलेल्या डीएस-१६० ची प्रत आणि त्या सात खात्यांची यादी पीडीएफ करून ईमेलमध्ये ठेवायला लावली. उद्या एच-१बीची वेळ येईल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर येईल, आणि आजचं उत्तर त्यांच्याकडे नोंदलेलं असेल. त्या यादीत तिने परवा आठवं खातं घातलं. विद्यापीठातल्या मराठी मुलांनी जेवणाच्या डब्यांवर काढलेला यूट्यूब चॅनल तिघीजणी चालवतात, पण तो उघडलाय तिच्या ईमेलवरून.